जिभेखालचा दोर

आमच्या घरात कुणाच्याही काट्यावर कुणाचा विश्वास नाही. माझे बाबा वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावच्या बाजारात मापारी. सोयाबीनची पोती काट्यावर चढवायची, आकडा ओरडून सांगायचा, बारदानाचं, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायचं, हे त्यांचं आयुष्य. चाळीस वर्षं लोकांनी त्यांना फसवायचा प्रयत्न केला. कुणी पोत्याला पाणी मारलं, कुणी तळाशी माती भरली. त्यामुळे बाबा दुकानात साखर घेतानाही आधी रिकामं पारडं बघतात. मी त्यांचीच मुलगी. लग्नाआधी मुलाच्या पगाराची स्लिप मीच मागितली होती. नवरा अजून ते बोलून दाखवतो.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. मुलगी झाली, सरकारी दवाखान्यात, दोन किलो नऊशे. बाबांनी नर्सबाईंना विचारलं, काटा शून्यावर होता काय? त्या हसल्या. बाबा हसले नाहीत.

घरी आल्यावर पाचव्या-सहाव्या दिवसापासून दूध पाजणं म्हणजे शिक्षा झाली. पोरगी तोंड लावायची, चार घोट घ्यायची आणि निसटायची. पुन्हा धरायची, पुन्हा निसटायची. पिताना जिभेचा टक्-टक् आवाज यायचा. तासभर अंगाला लावलेली, मग थकून झोपायची आणि अर्ध्या तासात पुन्हा रडायची. माझी स्तनाग्रं चिरली होती. ती तोंडातून बाहेर आली की चेपलेल्या खडूसारखी तिरपी दिसत. पाजायची वेळ झाली की मी दात आवळून भिंतीकडे बघायची. आई म्हणाली, पहिलटकरणीला असंच होतं. मला वाटलं, ही मला गप्प करतेय. मग वाटलं, माझं दूधच खोटं आहे.

पोरगी रडताना एकदा आईनंच तिच्या तोंडात पाहिलं. जिभेखाली एक पातळ दोर होता, अगदी टोकाजवळ बांधल्यासारखा. रडताना जीभ वर उचलायची नाही, टोकाला मधोमध खाच पडायची.

आठव्या दिवशी आम्ही एका खासगी डॉक्टरकडे गेलो. त्यांनी बॅटरी मारली, तोंडात अर्धा मिनिट पाहिलं आणि म्हणाले, टंग-टाय आहे, उद्या सकाळी या, कापून टाकू, नाहीतर पोरगी बोबडी बोलेल. ती पिते कशी, हे त्यांनी बघितलं नाही. वजन विचारलं नाही. मला काय दुखतं तेही नाही. आठ दिवसांचं लेकरू पुढे काय बोलेल हे यांना बॅटरीच्या उजेडात दिसलं, आणि ते आत्ता उपाशी आहे की पोटभर, ते दिसलं नाही. मी चप्पल घातली आणि पोरगी उचलून बाहेर आले. बाबा मागून म्हणाले, माल न पाहता भाव सांगणारा माणूस.

त्याच दिवशी बाबांनी ठरवलं, आपण आपल्या काट्यावर बघायचं. घरी त्यांचा जुना इलेक्ट्रॉनिक काटा होता. पोरीला उघडी करायची नाही, सर्दी होईल, म्हणून दुपट्यात गुंडाळून ठेवायची. दुपटं आधी वेगळं मोजून घेतलं, दोनशे ऐंशी ग्रॅम. ते बारदान. बाबांनी वहीत पहिल्याच ओळीत तसं लिहिलं, आणि खाली दर चार दिवसांनी पोरीचा आकडा. आठव्या दिवशी दोन किलो सातशे चाळीस होती. बाराव्या दिवशी एकदम तीन किलो दोनशे दहा.

आई रडली. मीही रडले. दूध उतरलं, म्हणाली. संशयी माणसाची एक गंमत असते. वाईट बातमी तो दहा वेळा तपासतो, चांगली बातमी मात्र विनापावती घेतो.

चौदाव्या दिवशी आशाताई आल्या. गावातल्याच आशा सेविका, माझ्या ओळखीच्या. त्यांनी पिशवीतला टांगायचा काटा काढला, पोरीला झोळीत घातलं आणि दोन किलो सातशे ऐंशी सांगितलं. बाबांनी तो काटा हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाले, स्प्रिंग ढिली झाली, असा काटा आमच्या बाजारात आणला तर जप्त होईल. आशाताईंनी आपला आकडा रजिस्टरात लिहिला. मला वाटलं, यांना फक्त रजिस्टर भरायचं आहे. माझं दुखणं त्यांना सांगितलंही नाही. दुखतं म्हटलं की लोक दुधाच्या पावडरचा डबा हातात देतात, अशी माझी खात्री होती. पाजून दाखवा म्हणाल्या, तर मी म्हटलं, आत्ताच पिऊन झोपली.

एकविसाव्या दिवशी त्या पुन्हा आल्या. दोन किलो साडेआठशे. या वेळी त्या उठल्या नाहीत. दिवसभरात लंगोट किती ओले होतात ते विचारलं. चार, फार तर पाच, मी म्हटलं; सहा-सात तरी हवेत, म्हणाल्या. मग माझ्या डोळ्यात बघून म्हणाल्या, "ताई, माह्या काट्यावर भरोसा नको ठेवू. पन पोरीच्या मांड्या पाह्य. उद्या वाशीमले चाल, मी संगं येतो."

मी मांड्या पाहिल्या. कातडी सैल होती. त्या रात्री वहीतला आकडा आणि त्या मांड्या मला एकमेकांशी जुळवता येईनात.

वाशीमला बसनं गेलो, मी, आई, बाबा आणि आशाताई. जिल्हा रुग्णालयात एका खोलीत स्तनपानाचं बघणाऱ्या सिस्टर बसतात, चाळिशीच्या, हळू आवाजाच्या. मी आल्या आल्या दोर दाखवला आणि विचारलं, कापायचा का? म्हणाल्या, सांगते, आधी पाज. मला राग आला. एकानं न बघता कापायला घेतलं होतं, ही बघत बसणार आणि कापणार नाही. त्यांनी मांडी घालून समोर बसून अख्खं पाजणं पाहिलं. पोरगी निसटली तेव्हा निसटू दिलं. टक्-टक् ऐकलं. माझा आवळलेला जबडा पाहिला. तोंडातून बाहेर आलेलं तिरपं स्तनाग्र पाहिलं आणि विचारलं, रोज असंच? पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं. मी हो म्हटलं.

मग त्यांनी हात धुऊन, हातमोजा घालून, बोट पोरीच्या तोंडात दिलं. जीभ बोटाला कवळते का, खालच्या हिरडीच्या पुढे येते का, बाजूला वळते का, रडताना किती उचलते. प्रत्येक गोष्ट कागदावर मांडत गेल्या. "दोर दिसला म्हनून कापत नसतात," त्या म्हणाल्या. "लय लेकरायले असतो आन् मजेत पितात. दोर काम अडवून राह्यला काय, ते पाह्यचं. वजन किती?"

मी वही पुढे केली. तीन किलो तीनशे, आशाताई गेल्यावर काल संध्याकाळी मुद्दाम मोजलेलं. त्यांनी पोरीचे सगळे कपडे उतरवले आणि काट्यावर ठेवलं. दोन किलो आठशे साठ.

बाबा पुढे आले. म्हणाले, तुमचा काटा खराब आहे. आणि पिशवीतून त्यांनी शिक्का मारलेलं लोखंडी किलोचं वजन काढलं. मालेगावहून ते याचसाठी घेऊन आले होते. मला लाज वाटली, पण खरं सांगायचं तर बरंही वाटलं. सिस्टरांनी पोरीला माझ्याकडे दिलं आणि काटा मोकळा करून दिला. बाबांनी वजन ठेवलं. एक किलो शून्य शून्य. काढून पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच.

सिस्टरांनी विचारलं, घरी कशात गुंडाळून मोजता? आईनं खांद्यावरची गोधडी दाखवली. बारा-तेरा दिवसांपूर्वी थंडी वाढली होती. तेव्हा दुपटं सोडून आईनं तिची जुनी गोधडी पोरीला घातली होती. बाबांनी ती घडी काट्यावर ठेवली. सातशे वीस ग्रॅम. वहीत बारदान मात्र दोनशे ऐंशीच होतं. ते कुणीच पुन्हा मोजलं नव्हतं.

आकडा बघून बाबा खाली बाकावर बसले. चाळीस वर्षं दुसऱ्याचं बारदान तपासणारा माणूस. म्हणाले, "म्या नातीले गोधडीसकट मोजलं." मी आशाताईंकडे बघू शकले नाही. त्यांची स्प्रिंग ठीक होती.

कापलं त्या दिवशीही नाही. सिस्टर म्हणाल्या, आधी पकड सुधारून बघू, आणि पोटात दूध गेलं पाहिजे. पोरीला माझ्या अंगाशी पोटाला पोट लावून धरायला शिकवलं, हनुवटी आधी छातीला टेकेल अशी, तोंड मोठं उघडलं की जवळ ओढायची, नुसतं टोक द्यायचं नाही. प्रत्येक पाजण्यानंतर माझंच दूध हातानं काढून वाटी-चमच्यानं द्यायचं. पावडरचा डबा त्यांनी काढलाच नाही. मी सारखी त्यांच्या टेबलाखाली बघत होते, तिथेही नव्हता.

चार दिवसांनी परत गेलो. वजन एकशे चाळीस ग्रॅमनी वाढलं होतं. म्हणजे दूध होतं, माझं दूध खोटं नव्हतं. पण वाढ वाटीची होती. अंगावर ती अजून तशीच निसटत होती आणि माझ्या चिरा तशाच होत्या. सिस्टरांनी पुन्हा पाजताना पाहिलं आणि मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टरांनी सिस्टरांचा कागद वाचला, स्वतः जीभ उचलून पाहिली आणि विचारलं, जन्मल्यावर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन दिलं होतं ना? कार्डावर होतं. घरात कुणाला रक्त न थांबण्याचा त्रास? नाही. माझा प्रश्न तयार होता, नाही कापलं तर बोबडी बोलेल का? म्हणाले, तसं आज कुणीच सांगू शकत नाही, मी पिण्यासाठी कापतोय, आणि कापल्यावरही सगळ्यांचं लगेच सुटतं असं नाही. इतकं कमी आश्वासन देणारा माणूस मला आवडला. नवरा इंझोरीहून, माझ्या सासरहून, मोटारसायकलनं आला होता. दोघांनी सही केली.

पोरीला कापडात गुंडाळलं, एका नर्सनं डोकं धरलं, डॉक्टरांनी जीभ उचलली आणि बोथट टोकाच्या कात्रीनं एकदा कापलं. ती मोठ्यानं रडली. गॉजवर दोन-तीन थेंब रक्त. लगेच मला दिली, पाज म्हणाले. मी सवयीनं दात आवळले. दुखलं, पण कमी. दोन दिवसांनी जिभेखाली पांढरा डाग दिसला. पू झाला म्हणून मी सिस्टरांना फोन केला. म्हणाल्या, तो पू नाही, जखम भरून राह्यली. त्यावरही मी तीन दिवस विश्वास ठेवला नाही.

आठवड्यानं वाटी बंद केली. त्यानंतरच्या रविवारी बाबांनी काटा काढला. आधी किलोचं लोखंडी वजन ठेवून पाहिलं. मग आईला दार लावायला सांगितलं, वारा नको म्हणून, आणि पोरीला पूर्ण उघडी करून ठेवलं. तीन किलो तीनशे दहा. गोधडीनं जो आकडा खोटा दाखवला होता, साधारण तोच, आता खरा. बाबांनी पेन उचललं, बारदानाच्या जागी शून्य लिहिलं आणि वही मिटली. मग काटा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आशाबाईले चहाले बोलाव. मले तिची माफी मांगायची हाय."

पोरगी भुकेली होती. मी तिला घेतलं. ती प्यायला लागली, निसटली नाही, आणि माझ्या लक्षात आलं की मी भिंतीकडे बघत नाहीये.