हसण्यापासून अपघातापर्यंतची चार वाक्यं

नांदेडमधल्या दीड खोलीच्या स्टुडिओत मी लांबलचक मुलाखतींचं पॉडकास्ट करतो. पाहुणा दोन-अडीच तास बोलतो. त्याचे आम्ही भाग पाडतो आणि दोन भागांच्या मधे मी एकटा माइकसमोर बसून चार वाक्यं बोलतो. त्याला लिंक म्हणतात. मागचा धागा उचलायचा, हळूच वळवायचा, श्रोत्याला पुढच्या दारात उभं करायचं आणि आपण बाजूला व्हायचं. या कामात मी असा पटाईत की माझ्या लिंकवर माशी बसली तर घसरून थेट धर्माबादेत पडावी. निजामाच्या काळात पॉडकास्ट असतं तर मला जहागीर मिळाली असती, निदान अर्धी.

लातूरला क्लासच्या पोरांची मेस चालवणाऱ्या एका ताईंची मुलाखत घेतली, तेव्हाही माझी अशीच फुशारकी चालू होती. ताई मूळच्या नायगावकडच्या. पहिल्या भागात त्या नवऱ्याच्या आठवणी सांगून अशा हसल्या की आवाजाचा काटा लाल पट्ट्यात जाऊन बसला. नवरा टेम्पो चालवायचा. मीठ संपलं म्हणून ताईंनी फोन केला, तर गडी देगलूरहून टेम्पो वळवून यायचा म्हणे. दुसऱ्या भागात त्याच टेम्पोला झालेला, नवऱ्याचा जीव घेणारा अपघात होता.

सासरचे म्हणत, बायकोचा फोन उचलायला गेला आणि ठोकला. ताईंची पोरगी त्या आजी-आजोबांकडंच राहिली. ताईंनी विषय काढला की उठून जायची. खरं तर त्या दिवशी ताईंचा फोन दुरुस्तीला टाकलेला होता. हे पोरीला समोरासमोर सांगणं वर्षानुवर्षं जमलं नाही. पण पोरगी आमचं पॉडकास्ट ऐकते, असं ताईंना कळलं होतं. तेवढ्यासाठीच त्या बोलायला तयार झाल्या होत्या.

मी लिंक लिहिली, तिचा शेवट असा: ‘त्यांच्या एका फोनवर तो कुठूनही निघायचा. त्या संध्याकाळीही तो असाच निघाला होता.’ लातूरचा माझा दोस्त एडिटिंग करतो. ऐकून म्हणाला, गड्या, तूप हाय तूप.

जुळवलेला एपिसोड बाहेर सोडण्याआधी पाहुण्याला बसवून पूर्ण ऐकवायचा, असा आमचा रिवाज. दुपारची पंगत उठल्यावर मेसमध्येच लॅपटॉप लावला. ताई कणीक मळत ऐकत होत्या. लिंक आली आणि परातीतले हात थांबले.

“भाऊ, माझी सासू म्हणती तेच की हे.”

मी म्हणालो, “ताई, त्या संध्याकाळी फोन केला असं मी कुठं म्हणलोय?”

“म्हणले न्हाईत. पण ऐकू तेच यायलंय.”

दोस्तानं लॅपटॉपवर तेवढं मागं नेलं. मी वाक्य पुन्हा ऐकलं. दोन भाग इतके चिकटले होते की पहिल्यामुळंच दुसरा घडला, असं वाटत होतं.

मग दुरुस्ती सुरू झाली. लिंक काढून नुसतं संगीत टाकलं, तर हसण्यातून एकदम अपघात, मधे जणू साबणाची जाहिरात. फोन दुरुस्तीला होता हे मीच लिंकमध्ये सांगतो म्हणालो, तर ताईंनी अडवलं. “तुमच्या तोंडून नको. ती म्हणंल, आईनं पढवलंय.” शेवटी क्लासच्या पोरांच्या गमतींचा, पुढं असलेला भाग उचलून मधे आणला, म्हणजे हसणं आणि मरण एकमेकाला घासणार नाहीत. नांदेडला येऊन त्याच खोलीत, पंखा बंद करून, नवी लिंक बोललो: ‘आता एका वेगळ्या दिवसाकडं जाऊ. ताईंचे पती अपघातात गेले. त्या संध्याकाळी काय झालं, ते ताईंच्याच तोंडून ऐका.’ माशी बसली तर रुतून बसावी अशी खडबडीत लिंक. ताईंनी फोनवर ऐकली आणि हाव, चालंल म्हणाल्या.

एपिसोड गेला त्या आठवड्यात त्यांचा फोन आला. नायगावला सासरी जाऊन आल्या होत्या. पोरीनं त्यांच्यासमोर, अंगणात बसून, इअरफोन कानात घालून ऐकलं. क्लासच्या पोरांच्या भानगडींवर हसलीसुद्धा. मग बहुधा माझा आवाज आला, कारण तिचा चेहरा उतरला. तिनं इअरफोन काढून मोबाइल पालथा ठेवला. “पुढचं मला म्हाईत हाय,” म्हणाली आणि घरात गेली.

फोन दुरुस्तीला होता, हे ताईंचं वाक्य माझ्या आवाजापासून मिनिटभरही लांब नव्हतं.

मी काहीबाही बोललो. परत ऐकेल, लहान आहे, वेळ लागतो. ताईंनी ते सगळं बोलू दिलं. मग विचारलं, “भाऊ, ते पहिलंच ठेवलं असतं, तर ती पुढं ऐकत बसली असती का?”

बसली असती. ती लिंक कुणालाही कळू न देता पुढं नेणारी होती. मी तशीच लिहिली होती.

“सांगता येत न्हाई, ताई,” मी म्हणालो.

त्या डबे भरायचेत म्हणाल्या आणि फोन ठेवला.