घड्याळ कधी सुरू करायचं

सुरक्षा विभागात तिला सगळे घड्याळबाई म्हणत. कंपनीच्या संगणकांवर हल्ला कधी सुरू झाला, कधी कळला आणि कधी थांबवला, या वेळा ती चौदा वर्षं न चुकता नोंदवत आली होती. महिन्याचा अहवाल वर जायच्या दिवशी तिने तो उघडला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हल्ला कळायला लागलेला सरासरी वेळ, म्हणे, अकरा मिनिटं!

ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये घुसली. "हा आकडा कोणी बदलला?"

"मी. अलर्ट वाजल्यापासून मोजलं."

"म्हणजे कुत्रा भुंकल्यापासून? एका हल्ल्यात तर चोर वीस दिवस आधीच घरात शिरला होता! लॉगमध्ये त्याची पहिली नोंद आहे. तिथून मोजलं, तर महिन्यातल्या चार हल्ल्यांची सरासरी पाच दिवसांवर जाते."

"अहो बाई, वरचे विचारतील, वीस दिवस झोपा काढत होता का?"

"विचारू द्या की!" तिचा आवाज चिरकला. "त्या हल्ल्याचा पहिला अलर्ट सारखा उगाच वाजतो म्हणून मीच बंद करून ठेवला होता. तेही लिहा. माझ्या नावासकट लिहा."