तसबिरीतले संस्थापक

भिलाईतल्या आमच्या कारखान्याचा इतिहास लिहायचं काम निवृत्तीच्या तोंडावर माझ्या गळ्यात पडलं. संस्थापक सगळ्यांना ठाऊकच होते. दर विश्वकर्मा पूजेला त्यांच्या तसबिरीला हार पडायचा. तरी निबंधक कार्यालयातून मूळ नोंदणीची प्रत मागवली. कंपनी काढताना सह्या करणारे सात जण निराळेच, आणि धंदा भातगिरणीचा! तसबिरीतले साहेब पुष्कळ वर्षांनी संचालक झालेले.

"मंग आपण त्यायले संस्थापक कावून छापून राहिलो?" शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला.

मी वार्षिक अहवाल एकेक करत मागे चाळत गेलो. प्रत्येक वेळी लिहिणाऱ्याने आधीच्या अहवालातला संस्थापकांवरचा परिच्छेद डोळे मिटून उतरवला होता. ज्या अहवालात तो पहिल्यांदा आला, तो मीच लिहून टाइप केलेला. नोकरीत नवा होतो. तसबिरीवरचा हार पाहिला आणि 'संस्थापक' लिहून टाकलं.