हंसाबाईंचा रविवार

हंसाबाई राठोड पुसदजवळच्या आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, एकवीस वर्षे कापसाची प्रत ठरवत आल्या. प्रत खाली लावली की कापूस आणणारा गाडीवाला ओरडे, वर लावली की मालक. हंगामात दुपारी चारच्या सुमारास त्यांचं डोकं ठणके, घशाशी आंबट येई, पाठ धरे, छातीत धडधडे. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी रक्त, थायरॉईड, ईसीजी सगळं तपासलं. काही निघालं नाही. "ताण दिसतो. सुट्टीत उतरतोय ना? पण काही वेगळं वाटलं तर लगेच या," ते म्हणाले.

मी तिथला हेडक्लार्क. डॉक्टरांचं शेवटचं वाक्य सोडून मी ऑफिसपुरता नियमच करून टाकला: रविवारी जे थांबतं ते ताणाचं. माझ्या टेबलाच्या खणात ॲसिडिटीच्या गोळ्या आणि सोड्याच्या पुड्या असत. वजनकाट्यावरचा अश्वजित त्याला 'सायबाचा दवाखाना' म्हणे.

जानेवारीतला सोमवार. सकाळी आठला हंसाबाई माझ्यासमोर बसल्या.

"सायेब, छाती भरून आली. जबडाबी दुखून राह्यला."

"सोमवार आला की तुमचं सुरू. घ्या सोडा."

"काल तं सुट्टीच होती ना. तरी बी झालं. हंडा घेऊन जिना चढली तं छातीवर पोतंच ठेवल्यावानी. बसली, मंग थांबलं. आज थांबूनच नाही राह्यलं."

माझ्याच नियमात हे बसत नव्हतं. तरीही मी पुडी ग्लासात टाकली. त्या ते पाणी प्यायल्या, त्यांना ढेकर आला आणि मला वाटलं, झालं काम.

पावणेनऊला अश्वजित वजनाच्या पावत्या घेऊन आत आला आणि दारातच थबकला.

"सायेब, थंडीनं आपण कुडकुडून राह्यलो अन् बाई घामानं भिजल्या! तुमाले दिसत नाही काय?"

मी पाहिलं. त्यांचं लुगडं पाठीला चिकटलं होतं. चेहरा राखेसारखा झाला होता. अश्वजितनं वाट न पाहता जीप काढली.

दवाखान्यात ईसीजीचा कागद बाहेर येतानाच डॉक्टरांचा आवाज बदलला. हृदयविकाराचा झटका. चावायला गोळी दिली, सलाईन लावलं, गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची तयारी सुरू झाली. "हे जितक्या लवकर, तितका हृदयाचा स्नायू वाचतो. मग पुढे यवतमाळला हलवू. दुखणं कधी सुरू झालं?"

"आठला," मी म्हणालो.

"आता साडेनऊ झालेत. मधे काय केलंत?"

हंसाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "सायबानं सोडा पाजला जी. त्यायचा कायी दोष नाही, मीच दरवेळी मागतो."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"नाही डॉक्टर," मी म्हणालो. "आज त्यांनी मागितला नव्हता. कालही दुखलं, हे त्यांनी मला सांगितलं होतं."

डॉक्टरांनी कागदावर आठ वाजल्याची वेळ लिहिली आणि इंजेक्शन दिलं.