स्टिकरवरचं दुसरं नाव

पायाला प्लास्टर होतं तेव्हा किराणा मी सक्करदऱ्यातल्या आमच्या नेहमीच्या दुकानातून फोनवर मागवायचे. दुकान एक बाई चालवायच्या. त्यांचा नवरा खापरखेड्याला वीज केंद्रात कामाला, सुटीच्या दिवशी गल्ल्यावर बसायचा. सामान घरी आलं की बाई काउंटरवरच्या क्यूआर स्टिकरचा फोटो पाठवायच्या आणि मी तो ॲपमध्ये उघडून पैसे भरायचे.

एकदा फोटो उघडला तर नेहमी येणाऱ्या त्यांच्या नवऱ्याच्या नावाऐवजी भलतंच नाव आलं. एका बाईचं, वेगळं आडनाव. मी पैसे भरले नाहीत. फोटो मोठा करून पाहिला. वर दुकानाचं नाव जुनंच होतं, पण खालच्या चौकोनाच्या कडेला बारीक सावली होती आणि एका कोपऱ्यातून आतल्या दुसऱ्या स्टिकरची निळी पट्टी डोकावत होती. मागच्या महिन्यातला फोटो फोनमध्ये होता. तो उघडल्यावर नवऱ्याचंच नाव आलं.

असे कोड चिकटवून लोकांचे पैसे वळवतात, हे वाचलेलं होतं. बिलावर नवऱ्याचा नंबर होता, तोच लावला. त्या दिवशी तो दुकानात होता, बाई वर जेवायला गेल्या होत्या.

"नखानं कड उचकटून पाहा," मी म्हटलं.

"थांबा मॅडम." थोड्या वेळानं तो ओरडलाच, "खाली आपलाच हाये! कोणं लावला हा?"

मी स्क्रीनवरचं नाव वाचून दाखवलं. त्यानं तेच नाव पुन्हा उच्चारलं. मग जिन्याकडून बाईंचा आवाज आला, "मीच लावला."

ते त्यांचं माहेरचं नाव होतं. बँकेतलं खातं लग्नाआधीचं.

"काहून वं? मले सांगितलं काहून नाही?"

"दोनदा सांगितलं. पैशाचा मेसेज तुमच्या फोनवर येते अन् तुमी खापरखेड्याले. गिऱ्हाईक मोबाईल दाखवून उभं राह्यते. पैसे आले का नाही, मले काय समजते?"

फोन चालूच होता. ठेवावा की नाही ते मला कळेना. शेवटी तोच म्हणाला, "मॅडम, नाव बरोबर हाये. त्याच्यावरच टाका." आवाज पडलेला होता. मी पैसे भरले.

प्लास्टर निघाल्यावर दुकानात गेले. काउंटरवर नवीन स्टिकर होतं, बाईंच्या नावाचं. त्यावर दुसरं काही चिकटवलेलं नव्हतं. मी म्हटलं, "माझ्यामुळे तुमच्यात उगाच वाद झाला."

बाई पोहे तोलत होत्या. "तुमी तपासलं ते चांगलंच केलं," त्या म्हणाल्या. "पण पहिले मले विचारायचं होतं. दुकानात मी असतो ना."

त्यांचा नंबर माझ्याकडे होता. फोटो तर त्याच नंबरावरून यायचे.