साहेब उतरले, वजन उतरेना

आमच्या पशुखाद्याच्या कारखान्यात त्यांना सगळे शून्यकाका म्हणतात. मका, पेंड, मीठ ज्या हॉपरमध्ये, म्हणजे नरसाळ्यासारख्या मोठ्या टाकीत, मोजून पडतं, त्या हॉपरचा काटा गेली एकवीस वर्षं त्यांच्या ताब्यात आहे. काहीही मोजण्याआधी रिकाम्याचं वजन वजा करायचं, ही सवय त्यांच्या हाडीमाशी खिळली आहे. घरी काकूंनी पिठाचा डबा पुढे केला, की हे विचारतात, "डबा रिकामा किती?" काकू म्हणतात, "तुमच्या डोक्याएवढा."

तर या काकांवर परवा बालंट आलं. पाचशे किलो मका मागितला, की हॉपर पाचशे नऊ घ्यायचा. खाद्य घेणाऱ्या कंपनीचा माणूस दुपारी चारला येऊन तीन घाणे, म्हणजे तीनदा मोजून घेतलेला माल, स्वतः पाहणार होता. मॅनेजरसाहेबांनी निरोप धाडला: चारच्या आत काटा बरोबर झाला नाही, तर हॉपर बाहेरच्या एजन्सीकडे आणि काका गोदामात पोती मोजायला.

काटा तपासायचा तर प्रमाणित वजनं हवीत. ती स्वतःच तपासून घ्यायला गेली होती, आठवडाभर परत येणार नव्हती.

"वजनं नाहीत तर नाहीत, माणसं आहेत ना?" काका म्हणाले.

गेटवरच्या प्रमाणित काट्यावर त्यांनी आम्हा सहा जणांना मोजलं. साहेब त्यात धरून. एकूण चारशे बारा किलो. मग हॉपरच्या तिन्ही बाजूंना साखळ्यांनी फळ्या टांगल्या, म्हणजे खालच्या तीन लोडसेलवर, वजन जोखणाऱ्या ठोकळ्यांवर, भार सारखा यावा. या लोडसेलमधून येणारा विजेचा इशारा इतका बारीक, की अँप्लिफायरने मोठा केल्याशिवाय त्याचा आकडा होतच नाही. काकांनी फळ्यांचं वजन वजा करायला टेअरचं बटण दाबलं. आकडा शून्य झाला आणि लगेच उणे चौदा!

"कोण टेकलं होतं?"

स्टोअरकीपरने फळीवरचा पाय गुपचूप मागे घेतला होता.

"अहो, तुमचा पाय मी जगातून वजा केला!" काका ओरडले. पुन्हा टेअर झाला. मग आम्ही दोन-दोन जण फळ्यांवर बसलो. झोपाळेच ते! फळ्या हलायच्या, आकडा हलायचा, आणि वजन स्थिर झाल्याचा हिरवा दिवा काही लागायचा नाही.

"हलू नका! हसू नका! साहेब, पाय लोंबकळवू नका!"

"मी मॅनेजर आहे हो!"

"आत्ता तुम्ही चौऱ्याण्णव किलो आहात."

अखेर दिवा लागला. चारशे बारा! काटा चोख होता. काकांचं तोंड मात्र उतरलं, कारण काटा चोख असेल तर नऊ किलो मका येतो कुठून?

तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला आणि ते टुणकन खाली उतरले. आकडा चारशे बारावरून हलेचना. मग सावकाश घसरत, दोनेक सेकंदांनी तीनशे अठरावर आला.

"मी तर खाली आहे," साहेब म्हणाले. "मग वर कोण बसलंय?"

काकांनी कपाळावर हात मारला. "तुमची ऑर्डर बसलीय, साहेब!"

गेल्या महिन्यात शेजारच्या मिक्सरच्या थरथरीने आकडे नाचायचे. ते बघवेना म्हणून साहेबांनी लेखी हुकूम दिला होता: आकडा शांत ठेवा. काकांनी फिल्टर दोनवरून आठवर नेला. फिल्टर मागच्या कितीतरी आकड्यांची सरासरी काढतो; जास्त केला की आकडा शांत होतो, पण शिळा होतो. काटा पाचशे दाखवून वरचं मका सोडणारं झाकण मिटवेपर्यंत दोन सेकंदांचा मका जास्तीचा पडलेला असायचा. झाकणापासून हॉपरपर्यंत हवेत असलेला मका काकांनी आधीच वजा धरला होता. हा उशीर मात्र धरायचा राहिला होता.

"म्हणजे चूक माझी?" साहेब म्हणाले.

"अर्धी. हुकूम तुमचा, बटण माझं."

काकांनी फिल्टर पुन्हा दोनवर आणला. चारला कंपनीचा माणूस आला. मका पडू लागला, आकडे थयथयाट करू लागले.

"हे काय चाललंय?" त्याने विचारलं. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

झाकण बंद झालं. काकांनी मिक्सर थांबवायला लावला, हिरव्या दिव्याची वाट पाहिली. पाचशे पूर्णांक चार दशांश. दुसरा घाणा चारशे नव्व्याण्णव पूर्णांक सात दशांश, तिसरा बरोबर पाचशे.

"छान. तपासणी कुठल्या वजनांनी केलीत?"

काकांनी आम्हा सहा जणांकडे बोट दाखवलं.

त्या माणसाने साहेबांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हे प्रमाणित आहेत?"

"सकाळी अकराला होते," काका म्हणाले. "साहेब त्यानंतर जेवलेत."

त्याने शेरा लिहिला: घाणे मान्य; खरी वजनं आल्यावर पुन्हा तपासणी करावी, तोवर काटा याच माणसाकडे राहू द्यावा. साहेबांनी खाली सही केली, आणि जाता जाता काकांना हळूच विचारलं, "चौऱ्याण्णवमध्ये माझे बूट धरलेत का हो?"