माशांचा वास

माझा भाचा बेंगळुरूहून आला तो आईला घेऊन जायचं ठरवूनच. त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण. दांडिया बाजारातल्या दोन खोल्यांत भावजी गेल्यापासून एकटी राहते. मी पाणीगेटला. रेल्वे कारखान्याच्या इलेक्ट्रिक शॉपमध्ये जन्म गेला, आता निवृत्त. मी चटकन तापतो असं ताई म्हणते. असेल. ती तापायला लावते हे कोणी बोलत नाही.

गेलो तेव्हा दाराशी बॅग भरलेली होती आणि ताई तिच्याकडे पाठ करून भाजी निवडत होती.

"मामा, आता रिस्क नको," भाचा म्हणाला. "गीझर चालू ठेवून विसरली. सॉकेट वितळला. आणि त्याआधी महिनाभर फोनवर एकच, घरात माशांचा वास येतो. खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेनना जाऊन विचारलं, मासे तळता का म्हणून. जैन आहेत त्या! कांदा शिरत नाही त्यांच्या घरात."

बेनने हसून "नथी बा, नथी" म्हणत नकार दिला होता म्हणे, पण ताईला त्याची फार लाज वाटत होती. त्यानंतर ती रोज खिडकी लावून धूप जाळायची. मला मात्र एका शब्दाने बोलली नाही, याचा मला राग आला.

"तू बंद केला होतास का गीझर?" मी विचारलं.

"केला होता असं वाटतं," ती म्हणाली. "आता माझाच माझ्यावर भरवसा नाही रे."

या बाईने मला पाढे शिकवले आहेत.

मी मेन स्विच पाडला, टेस्टरने खात्री केली आणि आधी प्लग बघितला. तीन पिनांपैकी एकच काळी होती, फेजची. बाकीच्या दोन लख्ख. सॉकेटचं प्लास्टिकही त्याच बाजूला वितळून आत बसलेलं. बोर्ड उघडला. फेजच्या वायरवरचं आवरण टोकाशी करपलेलं, बोटभर मागे अगदी ताजं. वायर दाबून धरणाऱ्या स्क्रूला हात लावला, तर तो पेचकस न लावताच फिरला.

"इकडे ये," मी भाच्याला म्हणालो. "लोड जास्त झाला असता तर वायर लांबवर तापली असती. ही फक्त टोकाला जळली आहे. स्क्रू ढिला, वायर नीट टेकत नव्हती, म्हणून रोज तिथंच तापायचं. तापून-निवून स्क्रू आणखी ढिला. करंट मर्यादेतच, म्हणून एमसीबीचा खटका पडला नाही. आणि गीझर विसरला तरी पाणी तापलं की तो आपला आपण थांबतो. हे व्हायला विसरायची गरजच नव्हती. रोजची आंघोळ पुरे."

"आणि मासे?" त्याने विचारलं.

मी तो करपलेला सॉकेट त्याच्या नाकाशी धरला. शॉपमध्ये आम्ही बोर्ड उघडायच्या आधी नाकच वापरायचो. या जातीचं प्लास्टिक तापलं की पहिल्यांदा मासळीसारखा वास सुटतो.

भाच्याने वास घेतला. पुन्हा घेतला. मग सॉकेट माझ्या हातातून घेतला. आईने महिनाभर आधी सांगितलं होतं, आणि तो तिला डॉक्टरकडे न्यायचं बघत होता.

"आई," तो म्हणाला आणि सॉकेट तिच्यापुढे धरला. ताईने भाजीचं ताट बाजूला ठेवलं. पदराने डोळे टिपले, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ, म्हणजे मी वेडी नाही झाले." मीही रडलो. माझ्या वयात लपवायचं काय.

दांडिया बाजारातूनच नवीन सॉकेट आणला, प्लगही. काळी पिन नव्या सॉकेटात घातली तर तोही बिघडतो. करपलेलं टोक कापून चकचकीत तांबं काढलं, स्क्रू आवळला, वायर ओढून बघितली. हलली नाही.

तेवढ्यात भाच्याने आईचा हात धरला. "आई, बाकीचे बोर्डपण बघ ना." ती प्रत्येक बोर्डाशी वाकून वास घेई, मान हलवी, आणि तो मागून टॉर्च धरून चाले. फ्रिजच्या बोर्डाशी ती थांबली, तसा तोही श्वास रोखून थांबला. "हा हिंगाचा," ती म्हणाली.

दाराशी पोचल्यावर तिने बॅगेतल्या साड्या काढून खाटेवर ठेवल्या आणि रिकामी बॅग त्याच्या हातात दिली.

"ही माळ्यावर टाक," ती म्हणाली. "माझा हात पोचत नाही."